प्रोलॅक्टिन हाय, मग पंपात ४० मिलीच का?

*ताई, माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. रजा संपली आणि तीन आठवड्यांपूर्वी मी हिंजवडीच्या ऑफिसला परत रुजू झाले. सकाळी साडेआठला निघते, घरी यायला साडेसात होतात. दुपारी एकदा इलेक्ट्रिक पंप लावते, वीस मिनिटं लावला तरी दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम ४० मिली निघतं. सुरुवातीला थोडं येतं मग थेंबही नाही, आणि छाती जड ती जडच. घरी असले की ती नीट पिते, शनिवार-रविवार वरचं काही लागत नाही. सासूबाई म्हणतात दूध आटलंय, म्हणून आठवड्यापासून रात्री एक पावडरची बाटली सुरू केलीये, मलाही झोप मिळेल म्हणून. जावेने सांगितलं म्हणून प्रोलॅक्टिनची टेस्ट केली तर ५८ आलं आणि पुढे लाल अक्षरात हाय. नेटवर बघितलं तर गाठ वगैरे वाचून घाबरले. मला हेच कळत नाहीये की हार्मोन जास्त आहे तर दूध कमी कसं? जाऊ उलटीवरची एक गोळी घे म्हणते, तिला त्याने दूध वाढलं होतं. घेऊ का?*
*— हिंजवडीहून एक आई*

अगं, आधी तो लाल शब्द डोक्यातून काढ. लॅबच्या रिपोर्टवर जी रेंज छापलेली असते ना, साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंतची, ती गरोदर नसलेल्या आणि अंगावर न पाजणाऱ्या बाईची असते. मशीनला काय माहीत तुझ्या घरात साडेपाच महिन्यांची मुलगी आहे ते, ते बिचारं २५ च्या वर काही दिसलं की हाय छापून मोकळं. नवव्या महिन्यात हाच आकडा २०० च्या आसपास जातो आणि तेव्हा कुणी टेस्ट करत नाही म्हणून कुणी घाबरत नाही. पाजणाऱ्या आईचं प्रोलॅक्टिन वाढलेलं असणारच, तो आजार नाही. नुसत्या ह्या आकड्यावरून पाजणाऱ्या बाईत कुणी गाठ शोधायला जात नाही. डोकं सतत दुखत असेल किंवा नजरेच्या कडेचं दिसायचं कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी, मग लगेच दाखवायचं. तसं काही नसेल तर पुढच्या वेळी गायनॅककडे जाशील तेव्हा रिपोर्ट बरोबर ने, बस.

आता तुझा खरा प्रश्न, हार्मोन जास्त तर दूध कमी कसं. अगदी योग्य ठिकाणी अडकलीयेस तू. दूध तयार होणं आणि दूध बाहेर येणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, ती दोन वेगवेगळे हार्मोन करतात, आणि तू टेस्ट केलीस पहिल्याची, अडलंय मात्र दुसऱ्याचं. असं मला का वाटतं ते सांगते, पण त्यासाठी थोडं आत शिरावं लागेल.

मेंदूच्या खालच्या बाजूला वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिच्या पुढच्या भागातून प्रोलॅक्टिन निघतं. गंमत म्हणजे ह्या हार्मोनला निघायला कुणी सांगावं लागत नाही, उलट त्याला सतत दाबून ठेवलेलं असतं. वरून डोपामीन येत असतं आणि ते त्याला अडवत असतं. बाळ चोखायला लागलं, निपल ओढला गेला की तिथल्या नसा मेंदूला निरोप देतात, डोपामीन कमी होतं आणि प्रोलॅक्टिन सुटतं. पाजायला सुरुवात केल्यापासून साधारण अर्ध्या-पाऊण तासाने ते सगळ्यात वर पोचतं आणि मग हळूहळू उतरतं. म्हणजे बघ, बाळ आत्ता जे पितंय ते दूध आधीच तयार होऊन बसलेलं आहे, आणि आत्ताच्या चोखण्याने जे प्रोलॅक्टिन सुटतंय ते पुढच्या वेळच्या दुधासाठी. म्हणूनच तुझ्या ५८ चा फार अर्थ लावता येत नाही, रक्त पाजल्यानंतर अर्ध्या तासाने दिलं असतंस तर आकडा वेगळा, चार तासांनी दिलं असतंस तर वेगळा. एवढं मात्र त्यातून कळतं की चोखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतोय आणि ग्रंथी आपलं काम करतेय.

आणि प्रोलॅक्टिन जास्त म्हणजे दूध जास्त असं सरळ गणित नसतंच. नवव्या महिन्यात आकडा इतका वर होता तेव्हा तुला चिकाचे चार थेंब सोडून दूध होतं का? नव्हतं, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन दूध बनवणाऱ्या पेशींना रोखून धरत होतं. बाळंतपणात वार पडली, प्रोजेस्टेरॉन झपकन उतरलं आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून आली. (वारेचा तुकडा आत राहिला तर दूध उतरायला उशीर होतो तो ह्याच कारणाने.) पुढे महिने जातात तसं प्रोलॅक्टिन उतरत जातं, तरी बाळ तेवढंच दूध पीत असतं. म्हणजे प्रोलॅक्टिन लागतंच, ते नसेल तर दूध नाही, पण एकदा ते पुरेसं आहे म्हटल्यावर दूध किती बनणार हे ठरवणारं भलतंच काहीतरी असतं, त्याच्याकडे येते.

त्याआधी दुसरा हार्मोन, ऑक्सिटोसिन. छातीत दूध एखाद्या टाकीत साठून राहिलेलं नसतं, ते अगदी बारीक बारीक पिशव्यांमध्ये असतं, द्राक्षाच्या घडासारख्या. निपलजवळच्या नळ्यांमध्ये असतं ते थोडंसंच. पिशव्यांमधलं दूध नुसतं ओढून बाहेर येत नाही, त्या पिशव्यांभोवती स्नायूसारख्या पेशींचं जाळं असतं आणि ते आवळलं गेलं की मगच दूध नळ्यांमध्ये उतरतं. आवळायचं काम ऑक्सिटोसिन करतं. ते पिट्युटरीच्या मागच्या भागातून निघतं आणि प्रोलॅक्टिनसारखं सावकाश नाही, बाळ लागल्यावर मिनिटभरात सुटतं, तेही एकदम नाही तर टप्प्याटप्प्याने, आलं-गेलं आलं-गेलं असं. ह्यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. एका पाजण्यात असा पान्हा दोन-तीन वेळा येतो आणि बहुतेक आयांना फक्त पहिला जाणवतो, मुंग्या आल्यासारखं किंवा आतून ताणल्यासारखं, काहींना तर एकही जाणवत नाही आणि तरी सगळं व्यवस्थित चालू असतं. तुला बघायचंच असेल तर मुलीच्या तोंडाकडे बघ, सुरुवातीला ती भराभर छोटं छोटं चोखेल आणि मग एकदम चाल बदलेल, सावकाश मोठे घोट, गिळल्याचा आवाज. तो पान्हा. पहिल्या आठवड्यात पाजताना ओटीपोटात कळा यायच्या आठवतंय? तेही हेच ऑक्सिटोसिन, गर्भाशय आवळणारं.

आता प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिनमधला तुझ्या कामाचा फरक सांगते. प्रोलॅक्टिनला तुझ्या मूडशी फारसं घेणंदेणं नसतं, निपल ओढला गेला की ते सुटतं. ऑक्सिटोसिन मात्र हळवं आहे. बाळाचा नुसता रडण्याचा आवाज आला, वास आला, कधी दुसऱ्याचं बाळ रडलं तरी ते सुटतं आणि ब्लाउज ओला होतो. आणि दुखत असेल, धास्ती असेल, लाज वाटत असेल, कुणी दार वाजवेल अशी भीती असेल तर ते अडतं. गावाकडे ज्यांनी म्हैस बघितलीये त्यांना हे वेगळं सांगायला नको, आधी रेडकू लावतात, ती पान्हवली की मग धार काढतात, आणि अनोळखी माणूस बसला तर ती पान्हा चोरते. दूध कासेत आहे, पण सोडत नाही.

माणसांतही हे मोजून बघितलेलं आहे. १९४८ साली अमेरिकेत मायकेल आणि नाइल्स न्यूटन ह्या जोडप्याने एक प्रयोग छापला. एका पाजणाऱ्या आईला काही दिवस निवांत पाजू दिलं आणि काही दिवस पाजताना मुद्दाम त्रास दिला, पाय बर्फाच्या पाण्यात, पायाचा अंगठा दुखेल असा ओढायचा, गणितं विचारायची आणि चुकलं की शॉक. (आज कुठली एथिक्स कमिटी असल्या प्रयोगाला हो म्हणेल देव जाणे.) बाळाचं आधी-नंतर वजन करून किती प्यायलं ते काढलं. निवांत असताना सरासरी १६८ ग्रॅम, त्रास दिला तेव्हा ९९. मग त्रास तसाच चालू ठेवला पण सोबत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तर परत १५३. म्हणजे त्रासाच्या दिवशी दूध कमी बनलं नव्हतं, ते आतच होतं, फक्त उतरत नव्हतं.

तुझं पत्र आता परत वाच. सुरुवातीला थोडं येतं, मग थेंबही नाही, छाती जड ती जडच. आटलेली छाती जड कशी राहील गं? ते सुरुवातीचं थोडं म्हणजे नळ्यांमधलं दूध, फार तर एक अर्धवट पान्हा, पिशव्यांमधलं सगळं जिथल्या तिथे. दुसरा पुरावा शनिवार-रविवारचा. दोन दिवस ती फक्त तुझ्यावर काढते आणि तिला वरचं काही लागत नाही. आटलेलं दूध वीकेंडला परत येत नसतं. तू कुठे पंप करतेस ते लिहिलं नाहीस, पण मी पैजेवर सांगते की ती जागा बिनकडीची मीटिंग रूम असेल नाहीतर वॉशरूम, आणि एक डोळा घड्याळावर असेल.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस, एक गोष्ट करून बघ. येत्या रविवारी सकाळी, रात्रीच्या शेवटच्या पाजण्याला तीन-चार तास झालेले असताना, मुलीला एका बाजूला पाज आणि दुसऱ्या बाजूला तोच पंप लाव. एकीकडे तिने चोखलं की पान्हा दोन्हीकडे फुटतो, कारण ऑक्सिटोसिन रक्तातून जातं, त्याला डावं-उजवं कळत नाही. त्या एकाच बाजूचं ६०-७० मिली किंवा जास्त निघालं तर पंप चांगला आहे, दूध आहे, अडचण ऑफिसमधल्या पान्ह्याची आहे. पण तिथेही १५-२० मिलीवरच थांबलं तर मग पंपाकडे बघू, व्हॉल्व्ह फाटलाय का, फनेल मोठा-लहान होतोय का. निपल नळीत मोकळेपणाने पुढे-मागे व्हायला हवा, कडेला घासला जात असेल किंवा भोवतीचा काळा भाग पण आत खेचला जात असेल तर साइज चुकलाय.

आता ते राहिलेलं, दूध किती बनणार हे कोण ठरवतं. छाती स्वतःच. दूध पिशवीत साठून राहिलं की तिथल्या तिथेच पेशींना थांबा म्हणून खूण जाते आणि बनण्याचा वेग कमी होतो, ते काढून घेतलं की वेग वाढतो. हे रक्तातल्या हार्मोनचं काम नाही हे कशावरून, तर दोन्ही बाजूंना तेच रक्त, तेच प्रोलॅक्टिन पोचतं, तरी बाळ एकाच बाजूला जास्त प्यायलं तर त्या बाजूचं दूध वाढतं आणि दुसरीकडचं कमी होतं. बऱ्याच आयांची एक बाजू जास्त देते ती ह्यामुळेही. बाळसुद्धा दरवेळी पूर्ण रिकामं करत नाही, ऑस्ट्रेलियात मोजलं तेव्हा सरासरी दोन तृतीयांश दूध पितात असं दिसलं, म्हणजे थोडं आत राहणं नॉर्मल आहे. पण तुझ्याकडे रोज अकरा तास जवळजवळ सगळंच आत राहतंय.

आकड्यात बघू. पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत फक्त अंगावरचं पिणारं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं, कुणी ५००, कुणी हजार. २४ तासांत वाटलं तर तासाला साधारण ३० मिली. तू अकरा तास बाहेर असतेस म्हणजे त्या वेळात तुझ्या छातीत ३३० मिलीच्या आसपास बनू शकलं असतं, त्यातलं तू काढतेस ४०. बाकीचं साठतं, पेशींना थांबा म्हणतं, आणि सलग पाच दिवस हेच. वीकेंडला ती ओढून ओढून परत वर आणते म्हणून अजून निभावतंय. पण हे असंच दोन-तीन महिने चाललं तर दूध खरंच कमी होईल आणि सासूबाई म्हणतील बघ मी म्हटलं नव्हतं. आणि वरून ती रात्रीची बाटली. दिवसा आधीच कमी काढलं जातंय, त्यात रात्रीचं एक पाजणं गेलं, म्हणजे छातीला अजून एक निरोप की नको बनवूस. शिवाय प्रोलॅक्टिन झोपेत, रात्रीच जास्त असतं, त्या वेळचं चोखणं फुकट घालवायचं कशाला. झोप हवीये हे मला कळतं, अकरा तास नोकरी करून परत रात्री उठायचं म्हणजे काय ते बोलायला नको. पण त्यासाठी बाटली द्यायची असेल तर ती दुपारची दे, घरात तू नसतानाची. रात्री आडवं पडून पाज, गादी घट्ट असू दे, जड पांघरूण नको, आणि ढेकर काढून परत झोपवायचं काम नवऱ्याकडे. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजता पाजता डुलकी मात्र नको, ते खरंच धोक्याचं आहे.

ऑफिसात एकाऐवजी तीन वेळा बस. अकरा, दीड-दोन, आणि निघायच्या आधी पाचला. वीस-पंचवीस मिनिटांचं लांबलचक एक सत्र करण्यापेक्षा बारा-पंधरा मिनिटांची तीन कधीही बरी, कारण छाती तुडुंब भरेपर्यंत थांबायचं नाहीये. वेळ मागायला लाजू नकोस, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन ब्रेक आपल्याकडे कायद्यातच दिलेत, एचआरला मेल टाक आणि आतून कडी लागेल अशी खोली माग. तिसरा ब्रेक जेवणाच्या वेळेतला धर.

आता पान्हा ऑफिसात आणायचा कसा. ऑक्सिटोसिनला सवय लागते ही आपली जमेची बाजू. रोज तीच जागा, तोच क्रम, म्हणजे आधी पाणी प्यायचं, मग खुर्चीत पाठ टेकून खांदे सोडायचे, कोमट ओला रुमाल दोन मिनिटं छातीवर, बोटांनी बाहेरून निपलकडे हलका मसाज, तिचं वापरलेलं झबलं जवळ, कानात हेडफोन आणि तिचा चोखतानाचा किंवा रडतानाचा व्हिडिओ. पहिले तीन-चार दिवस काहीच फरक दिसणार नाही, आठवडाभरात मेंदू ओळखायला लागतो की हे झालं की दूध सोडायचं. बाटलीकडे बघत बसू नकोस, किती आलं किती आलं ह्याने पान्हा अडतो, बाटलीवर सरळ मोजा चढव आणि फोनवर काहीतरी बघ.

पंपाचं एक बटण बऱ्याच जणी वापरतच नाहीत. सुरुवातीला तो भराभर आणि हलकं ओढतो, बाळाच्या पहिल्या चोखण्यासारखं, ते पान्हा आणण्यासाठी असतं. दूध धारेने सुरू झालं की सावकाश आणि खोल ओढण्यावर जायचं. धार थांबली की बंद करायचं नाही, परत भराभरच्या मोडवर दोन मिनिटं, म्हणजे दुसरा पान्हा मागायचा, मग परत सावकाश. तू वीस मिनिटं एकाच मोडवर लावून बसत असशील तर पहिल्या पान्ह्यानंतरची पंधरा मिनिटं वायाच. आणि दूध येत नाही म्हणून खेच वाढवू नकोस, दुखलं की ऑक्सिटोसिन अजून अडतं, दुखायच्या एक पायरी खाली ठेवायचं. शेवटी दोन मिनिटं हाताने पिळून काढ, हाताने अजून १०-१५ मिली सहज निघतं. काढलेलं दूध लगेच फ्रिजमध्ये, चार दिवसांच्या आत वापर, बाहेर ठेवायचं झालं तर चार तासांच्या वर नाही आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढंही नको, घरी नेताना आइस पॅकची पिशवी.

पहिल्याच दिवशी तिन्ही वेळचं मिळून ३३० होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस, पंपाला बाळाइतकं जमत नाही. आठवड्याने १८०-२०० पर्यंत गेलीस तरी पेशींना निरोप पोचायला लागला. घरी तू नसताना जेवढं कमी पडेल तेवढं पावडरचं बिनधास्त दे, त्यात गुन्हा काही नाही, फक्त तू घरी असताना अंगावरच.

आता गोळीचं. जावेला दिलेली गोळी बहुधा डोमपेरिडोन असणार. मूळ ती उलटीचीच, पण ती डोपामीनचा अडथळा काढते आणि म्हणून प्रोलॅक्टिन वाढतं. ज्या आईचं प्रोलॅक्टिनच कमी पडतंय तिला तिचा उपयोग होऊ शकतो. तुझं कमी पडतच नाहीये, मग अजून वाढवून मिळणार काय? पान्हा त्या गोळीने येत नाही. आणि ती साधी गोळी नाही, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, काही अँटिबायोटिक किंवा बुरशीवरच्या गोळ्यांबरोबर घेतली तर जास्तच, म्हणून डॉक्टरने तपासून लिहून दिल्याशिवाय नाही. जावेची स्ट्रिप उचलून तर अजिबात नाही. शतावरी, मेथी, अळिवाची खीर ह्यांचं विचारलं नाहीस पण घरात कुणीतरी आणून देणारच आहे, खीर आवडत असेल तर खा, चांगलं लोह मिळतं, पण अडकलेला पान्हा खिरीने सुटत नाही. उलट दोन गोष्टी टाळ. सर्दी झाली तर स्युडोएफेड्रिन असलेली गोळी नको, त्याने दूध खरंच कमी होतं. आणि पाळणा लांबवायला गोळ्या सुरू करायच्या असतील तर पाजतेय म्हणून डॉक्टरला आधी सांग, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या दूध कमी करू शकतात, बिनइस्ट्रोजेनचे पर्याय असतात.

माझं सगळं बोलणं चुकीचं ठरेल असं कशावरून ओळखायचं तेही सांगते. मुलीचं वजन. ह्या वयात आठवड्याला साधारण १०० ते १५० ग्रॅम वाढ चालते, लसीकरणाच्या कार्डावर मागच्या दोन वजनांची तुलना कर. २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होतायत का, शू फिकट आहे का. वीकेंडलासुद्धा पिऊन झाल्यावर ती भुकेली रडतेय, वजन अडलंय, रविवारच्या पंपिंगलाही काही निघालं नाही, असं असेल तर बनण्यातच काहीतरी आहे. मग थायरॉइड बघायचं, बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, आधी छातीचं ऑपरेशन झालं होतं का हे डॉक्टरला सांगायचं, आणि तोवर मुलीला वरचं दूध पोटभर द्यायचं.

अजून एक. पंधरा दिवसांत तिचे सहा महिने भरतील, उष्टावण होईल आणि भाताची पेज, वरण, नाचणी सुरू होईल. तेव्हा सासूबाईंना दुपारी तू नसताना भरवायचं काम द्या, बाटलीची गरज आपोआप कमी होईल. पण संध्याकाळी तू दारात आलीस की आधी पाजायचं, मग वरण-भात. ते साडेसातचं पाजणं भरल्या छातीचं असतं, आणि तुला बघून तिथे पान्हा मागावा लागत नाही.